जर्मन चर्चेत ‘पटत नाही’ कसं म्हणायचं? बी-२ च्या तोंडी परीक्षेची तयारी

सरावाच्या तासाला मी दोघांना समोरासमोर बसवते, प्रश्न देते आणि घड्याळ लावते. गेल्या खेपेला एकाने तीन मिनिटं सलग भाषण केलं. सगळं पाठ केलेलं, व्याकरण जवळजवळ निर्दोष. समोरची मुलगी प्रत्येक वाक्याला मान डोलावत ‘गेनाउ, गेनाउ’ म्हणत होती, म्हणजे ‘अगदी, अगदी’. पाच मिनिटं संपली आणि दोघंही खूश होते. मी त्यांना विचारलं, तुम्ही चर्चा कधी केलीत? एकाने व्याख्यान दिलं होतं आणि दुसरीने हुंकार भरला होता. परीक्षेत दोघांचेही गुण गेले असते, आणि मुलाचे व्याकरण चांगलं असूनही गेले असते.

हा लेख गोएथे-त्सेर्टिफिकाट बी-२ च्या तोंडी परीक्षेतल्या दुसऱ्या भागाबद्दल आहे. पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात आपली बरीच मंडळी ही परीक्षा देतात. वर्गात तिघा-चौघांची गटचर्चा असेल तरी यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

बोलण्याची परीक्षा असल्यामुळे जर्मन वाक्यं मी कानाला ऐकू येतात तशी देवनागरीत लिहिली आहेत. शब्दाच्या शेवटी अनुस्वार दिसला की तो ‘झालं’, ‘केलं’मधल्यासारखा म्हणायचा. आणि ‘डास’ हा शब्द फार वेळा येईल. तो चावत नाही. त्याचा अर्थ ‘ते’ असतो किंवा वाक्यं जोडणारा ‘की’ असतो. लिहिताना दोन्हींचं स्पेलिंग वेगळं, पण कानाला दोन्ही एकच.

नेमकं काय करायचं असतं

परीक्षा जोडीने होते आणि साधारण पंधरा मिनिटं चालते. त्याआधी तयारीला पंधरा मिनिटं मिळतात. ही तयारी एकट्याने करायची, शब्दकोश नाही, फोन नाही, जोडीदाराशी बोलायचं नाही. पहिल्या भागात प्रत्येकाने छोटं सादरीकरण करायचं. दुसऱ्या भागात तुम्ही दोघं एका वादविवाद मंडळाचे सदस्य आहात असं धरायचं आणि दिलेल्या प्रश्नावर साधारण पाच मिनिटं बोलायचं. आपली भूमिका आणि कारणं सांगायची, समोरच्याच्या मुद्द्यांना उत्तर द्यायचं आणि शेवटी आपण बाजूने आहोत की विरोधात, ते थोडक्यात मांडायचं. प्रश्नाखाली मदतीला चार मुद्देही छापलेले असतात. उत्तीर्ण व्हायला या विभागात शंभरपैकी साठ गुण लागतात.

या तीन कामांपैकी मधलंच बहुतेकांचं राहून जातं. भूमिका सगळे सांगतात, शेवटही कसाबसा करतात. पण समोरच्याने आत्ता जे म्हटलं त्याला धरून बोलणं होत नाही, कारण डोक्यात स्वतःचं पुढचं वाक्य जुळवणं चालू असतं. म्हणून माझ्या वर्गात एकच नियम आहे. तुमच्या प्रत्येक बोलण्याची सुरुवात जोडीदाराच्या शेवटच्या वाक्यातून झाली पाहिजे. आधी त्याचं उचला, मग आपलं ठेवा. बाकी सगळं या नियमाच्या सोयीसाठी आहे.

तयारीच्या पंधरा मिनिटांतली नऊ-दहा सादरीकरणाला द्या आणि पाच-सहा चर्चेसाठी राखून ठेवा. त्या पाच मिनिटांत पूर्ण वाक्यं लिहू नका. कागदावर उभी रेघ मारा, डावीकडे आपले तीन मुद्दे एकेका शब्दात लिहा आणि उजवीकडे समोरचा काय म्हणेल त्याचे तीन मुद्दे. उजवी बाजू जास्त महत्त्वाची आहे. तिथले शब्द जर्मनमध्ये आठवत असतील तर समोरच्याचं बोलणंही लवकर कळतं, कारण काय येणार याचा कानाला अंदाज असतो.

आत गेल्यावर एक छोटी गोष्ट लगेच ठरवून टाका: ‘डू’ की ‘झी’, म्हणजे तू की तुम्ही. ‘वोलन वीर उन्स डूत्सन?’ एवढं विचारलं की काम होतं: ‘आपण अरे-तुरे करूया का?’ एकदा ठरलं की मग शेवटपर्यंत तेच. मध्येच ‘डू’वरून ‘झी’वर जाणारे खूप असतात. मराठीत एकाच दमात ‘अहो, तू असं काय बोलतोस’ म्हटल्यासारखं ते ऐकू येतं.

मत मांडणं: क्रियापद कुठे बसतं

मत मांडायला दोन वाक्यरचना पुरतात. पहिली: ‘इश बिन डेर माइनुंग, डास डी इननश्टाट आउटोफ्राय झाइन झोल्टं.’ माझं मत असं आहे की शहराचा मध्यभाग मोटारमुक्त असायला हवा. दुसरी: ‘माइनर माइनुंग नाख झोल्टं डी इननश्टाट आउटोफ्राय झाइन.’ माझ्या मते शहराचा मध्यभाग मोटारमुक्त असायला हवा.

अर्थ एकच आहे, पण ‘झोल्टं’ कुठे आहे ते पाहा. पहिल्या वाक्यात ते अगदी शेवटी गेलं आणि दुसऱ्यात ‘माझ्या मते’च्या लगेच मागे आलं. पहिली रचना मराठी माणसाला खरं तर सोपी जायला हवी. ‘मला वाटतं की तो उद्या येणार’ यात आपलंही क्रियापद शेवटीच असतं. ‘डास’, ‘वाइल’ म्हणजे ‘कारण’, ‘ओप’ म्हणजे ‘की नाही ते’, यांच्यानंतर मराठीसारखं बोला, क्रियापद शेवटी ठेवा. इथे चुका होतात त्या बहुधा इंग्रजी मध्ये येतं म्हणून.

दुसरी रचना आपल्याला खरी नडते. जर्मनच्या मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी असतं. ‘माइनर माइनुंग नाख’ हे तीन शब्द मिळून पहिली जागा अडवतात, म्हणून लगेच क्रियापद यायला हवं. ‘माझ्या मते’ म्हणून आपण जरा थांबतो, कागदावर स्वल्पविराम देतो आणि मग नव्याने वाक्य सुरू करतो: ‘माइनर माइनुंग नाख, डी इननश्टाट झोल्टं...’ ही चूक मी वर्षाला शेकड्याने ऐकते. उपाय साधा आहे. ‘माइनर माइनुंग नाख झोल्टं’ हे चारही शब्द एका दमात, एकच शब्द असल्यासारखे पाठ करा. ‘नाख’नंतर श्वास घेऊ नका. आणि ‘इन माइनर माइनुंग’ असं तर अजिबात म्हणू नका, ते इंग्रजीचं शेपूट आहे.

आणखी एक गोष्ट ‘पाहिजे’बद्दल. ‘गाड्या बंद केल्या पाहिजेत’ हे मनात ठेवून मुलं ‘मुस’ वापरतात. जर्मन ‘मुस’ फार कडक आहे, त्यात ‘करावंच लागेल, दुसरा मार्ग नाही’ असा सूर असतो. मत मांडताना ‘झोल्टं’ म्हणा, ‘करायला हवं’. सूचना करताना ‘क्योन्टं’ म्हणा, ‘करता येईल’. जर्मन सभ्यपणाचा बराच मोठा भाग या दोन क्रियापदांत आहे. ‘प्लीज’ आणि ‘सॉरी’ यांचा वाटा त्यामानाने लहान आहे.

‘इश फिन्डं’ म्हणजे ‘मला वाटतं’. हे सगळ्यात रोजचं आणि सगळ्यात हलकं. त्याच्यामागे सरळ साधं वाक्य ठेवता येतं, ‘डास’ लागत नाही. घाबरलात, काही सुचेना, की यावर परत या. पण पाच मिनिटांत आठ वेळा ‘इश फिन्डं’ झालं की शब्दसंपत्तीचे गुण गळू लागतात. एकदा ‘इश व्युर्डं झागन’ वापरा, म्हणजे ‘मी तर म्हणेन’. एकदा ‘माइनर माइनुंग नाख’. एवढं पुरे. वीस वाक्प्रचार पाठ करून येणारी मुलं चर्चेत वाक्प्रचारच शोधत बसतात.

दुजोरा देणं

दुजोरा देताना सगळ्यात उपयोगी शब्द आहे ‘डा’. तो वाक्याच्या सुरुवातीला येतो आणि ‘तू आत्ता जे म्हणालास त्या बाबतीत’ एवढा सगळा अर्थ वाहून नेतो. ‘डा हास्ट डू रेश्ट’, तिथे तुझं बरोबर आहे. ‘डा श्टिमं इश डीर त्सू’, त्यात मी तुझ्याशी सहमत आहे. ‘डा बिन इश गान्त्स डाइनर माइनुंग’, त्यात माझं अगदी तुझ्यासारखंच मत आहे. ‘डा’ पुढे आला की समोरच्याचं तुम्ही ऐकलंत हे परीक्षकाला कळतं, आणि क्रियापदही आपोआप दुसऱ्या जागी बसतं. एका लहानशा शब्दात दोन कामं.

‘श्टिमं त्सू’ बरोबर नेहमी चतुर्थी लागते: ‘डीर’, ‘तुला’. औपचारिक बोलत असाल तर ‘ईनन’. ‘डिश’ म्हटलंत तर चूक. आणि ‘ते बरोबर आहे’ म्हणायचं असेल तर ‘डास श्टिम्ट’. ‘इश श्टिमं’ एवढंच म्हणून सोडून देऊ नका, ते वाक्य अर्धवट राहतं.

आता ‘आइनफरश्टांडन’. शब्दकोशात याचा अर्थ ‘सहमत’ असा मिळतो आणि तिथेच घात होतो. हा शब्द प्रस्तावाला मान्यता देण्यासाठी आहे. कोणी म्हटलं, ‘रविवारी भेटू या’, तर तुम्ही ‘आइनफरश्टांडन’ म्हणा, म्हणजे ‘चालेल, मंजूर’. पण कोणी ‘गाड्यांमुळे हवा खराब होते’ असं म्हटलं, तर त्याला मंजुरी कसली द्यायची? तिथे ‘डास श्टिम्ट’ हवं. मत असेल तर ‘श्टिम्ट’, प्रस्ताव असेल तर ‘आइनफरश्टांडन’. मराठीतही ‘पटलं’ आणि ‘चालेल’ हे वेगळेच आहेत, फक्त आपल्याला ते आठवत नाही.

सगळ्यात घसरडी जागा मात्र ‘हो’ची आहे. मराठीत कोणी विचारलं, ‘तो आला नाही ना?’ तर आपण सहज म्हणतो, ‘हो, नाही आला’. आपला ‘हो’ समोरच्याच्या वाक्याला मान डोलावतो, गोष्ट घडली की नाही याच्याशी त्याला घेणं नसतं. जर्मनमध्ये उलट आहे. ‘एर कोम्ट निश्ट, ओडर?’, तो येत नाहीये ना? येत नसेल तर उत्तर ‘नाइन’. येत असेल तर ‘डोख’. इथे ‘या’, म्हणजे ‘हो’, म्हटलंत तर समोरचा गोंधळतो, कारण त्याच्या कानाला ‘या’ म्हणजे ‘येतोय’ की ‘येत नाहीये’ ते कळत नाही.

चर्चेत हे नेमकं असं येतं. जोडीदार म्हणतो, ‘बस तर काही स्वस्त नाहीत’. तुम्हाला पटलंय. मराठी सवयीने तुम्ही म्हणता, ‘या’. तो गप्प होतो, तुम्हाला पटलंय की नाही ते त्याला कळत नाही. अशा वेळी ‘या’ आणि ‘नाइन’ दोन्ही टाळा आणि ‘श्टिम्ट’ म्हणा. ‘बरोबर’ हे होकारालाही चालतं आणि नकारालाही, त्यात फसायला जागा नाही. आणि तुम्हाला खोडूनच काढायचं असेल, बस स्वस्तच आहेत असं म्हणायचं असेल, तर ‘डोख’. हा शब्द मराठीत नाही. जवळचं काही असेल तर ते ठसक्यात म्हटलेलं ‘आहेत की!’

विरोध करणं

आपल्याकडे दोन टोकं दिसतात. काहीजण विरोध करणं उद्धटपणाचं समजतात आणि न पटलेल्या गोष्टीलाही मान डोलावतात. काही जण एकदम ‘नाइन, डास इस्ट फाल्श’ म्हणून मोकळे होतात, ‘नाही, हे चूक आहे’. गणितात उत्तर चुकलं असेल तर ‘फाल्श’ ठीक. मतावर बोलताना तो थेट शिक्का होतो. त्याहून वाईट म्हणजे ‘डास इस्ट निश्ट वार’, कारण त्यात ‘तू खोटं बोलतोस’ असा वास येतो. ‘क्वाच’ म्हणजे ‘काहीतरीच!’ हे मित्रांच्या टेबलावर ठीक आहे, परीक्षेत नको.

जर्मन पद्धतीत माणसाला हात न लावता त्याच्या मुद्द्याला विरोध करतात, आणि तो स्पष्टपणे करतात. ‘डास झेअं इश आन्डर्स’ म्हणजे ‘हे मला वेगळं दिसतं’. वाक्य छोटं आहे, कोरडं वाटेल, पण पूर्ण सभ्य आहे. त्याच्या आधी माफी मागायची गरज नाही. मऊ करायचं असेल तर मध्ये ‘एटवास’ टाका, ‘थोडंसं’. मात्र त्याच्यामागे कारण आलंच पाहिजे. जर्मन कानाला कारणाशिवायचा विरोध खटकतो, कारणासकटचा नाही.

दुसरी पद्धत म्हणजे आधी थोडं मान्य करून मग वळण घेणं, आणि ती आपल्याला उपजत येते. बाजारात, घरात, मिटिंगमध्ये आपण रोज म्हणतो, ‘महागच आहे म्हणा, पण टिकतं’. या ‘म्हणा’चं जर्मन भावंड म्हणजे ‘शोन’. ‘डास श्टिम्ट शोन, आबर...’, ‘तसं बरोबरच आहे म्हणा, पण...’ शब्दकोशात ‘शोन’चा अर्थ ‘आधीच’ असा मिळेल. या वाक्यात त्याचा वेळेशी काही संबंध नाही, तो फक्त ‘पण’ येणार अशी चाहूल देतो. उच्चार मात्र सांभाळा. ओठ जास्त गोल करून ‘श्योन’ म्हटलंत तर ते ‘सुंदर’ होतं.

‘त्स्वार... आबर’ हे त्याचंच औपचारिक रूप: ‘डास इस्ट त्स्वार टॉयर, आबर एस लोन्ट झिश’, महाग आहे खरं, पण पैसे वसूल होतात. एक लक्षात ठेवा, ‘त्स्वार’ म्हणून झाल्यावर ‘आबर’ आलाच पाहिजे. घाबरून ‘आबर’ विसरलात तर समोरचा वाट पाहत राहतो. जिना चढताना शेवटची पायरी नसावी तसं होतं.

तिसरी पद्धत शंकेची: ‘इश बिन मीर निश्ट झिशर, ओप डास फुंक्ट्सिओनीर्ट’, हे चालेल की नाही याची मला खात्री नाही. समोरच्याकडे आकडे किंवा अनुभव जास्त असेल आणि तुमच्याकडे फक्त शंका असेल, तेव्हा ही वापरा. ‘ओप’नंतर क्रियापद शेवटी गेलं, म्हणजे व्याकरणाचा एक चांगला नमुनाही परीक्षकाच्या कानावर पडतो.

एक चर्चा, ओळीने

प्रश्न: शहराचा मध्यभाग मोटारमुक्त करावा का? एकीला करावा असं वाटतं, दुसऱ्याला शंका आहे. दोघं ‘डू’ म्हणायचं ठरवून बसले आहेत. ही चर्चा मी वर्गात झालेल्या चर्चांवरून जुळवली आहे.

ती सुरू करते: ‘आल्झो, इश फिन्डं, डी इननश्टाट झोल्टं आउटोफ्राय झाइन, वाइल डी लुफ्ट डान बेसर विर्ट. वी झीस्ट डू डास?’ तर मला वाटतं मध्यभाग मोटारमुक्त असायला हवा, कारण मग हवा सुधारते. तुला काय वाटतं?

तिने फक्त एक कारण दिलं आणि चेंडू त्याच्याकडे टाकला. इथे तीन कारणं एकदम दिली असती तर त्याला कोणत्या कारणाला उत्तर द्यायचं तेच कळलं नसतं, आणि तिच्याकडेही पुढच्या चार मिनिटांसाठी काही उरलं नसतं.

तो: ‘डास श्टिम्ट शोन, डी लुफ्ट विर्ट बेसर. आबर वास माखन आल्टं लॉयटं, डी निश्ट गूट लाउफन क्योनन?’ बरोबरच आहे म्हणा, हवा सुधारते. पण ज्यांना नीट चालता येत नाही त्या म्हाताऱ्या माणसांनी काय करायचं?

‘डी लुफ्ट विर्ट बेसर’ हे त्याने तिचंच वाक्य जवळजवळ तसंच परत म्हटलं. याला नक्कल म्हणत नाहीत. यातून त्याने ऐकल्याचा पुरावा दिला, आणि स्वतःचा पुढचा विचार जुळवायला तीन सेकंदही मिळवले.

ती: ‘डा हास्ट डू रेश्ट, डारान हाबं इश निश्ट गेडाख्ट. मान क्योन्टं क्लाइनं एलेक्ट्रोबुसं आइनझेत्सन. वेरं डास आइनं ल्योझुंग फ्यूर डिश?’ तुझं बरोबर आहे, याचा मी विचार केला नव्हता. छोट्या विजेच्या बस चालवता येतील. तुझ्या दृष्टीने तो उपाय होईल का?

‘मी याचा विचार केला नव्हता’ हे आपण परीक्षेत म्हणायला घाबरतो, हार मानल्यासारखं वाटतं. इथे कोणी जिंकत-हरत नाही. हे वाक्य गुण मिळवणारं आहे, कारण ते खरोखर ऐकणाऱ्याचं वाक्य आहे.

तो: ‘फ्यूर आल्टं लॉयटं, या. आबर डी गेशेफ्टं? इश बिन मीर निश्ट झिशर, ओप डी कुन्डन डान नोख कोमन.’ म्हाताऱ्यांसाठी, हो. पण दुकानं? मग गिऱ्हाइकं येतील की नाही, मला खात्री नाही.

ती: ‘डास झेअं इश आन्डर्स. इन पुणे विर्ट डी लक्ष्मी रोड आम एल्फ्टन डेत्सेम्बर फ्यूर आउटोस गेश्पेर्ट, उन्ट डी श्ट्रासं इस्ट ट्रोत्सडेम फोल.’ मला तसं वाटत नाही. पुण्यात ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद असतो आणि तरीही रस्ता भरलेला असतो.

पादचारी दिनाचं हे उदाहरण मला आवडतं, कारण ते तिच्या डोळ्यांसमोरचं आहे. उदाहरणं जर्मनीचीच हवीत असं काही नाही. ‘जर्मनीत असं असतं’ म्हणून ऐकीव गोष्टी सांगण्यापेक्षा आपल्या गावचं एक खरं उदाहरण बरं, कारण त्यावर पुढचे दोन प्रश्न आले तरी उत्तर देता येतं. जर्मनीचंच हवं असेल तर बर्लिनच्या फ्रीडरिशश्ट्रासं या रस्त्याचं घ्या. त्याचा एक टप्पा २०२० साली गाड्यांना बंद झाला आणि बऱ्याच वादानंतर २०२३ मध्ये पुन्हा खुला झाला. ते दोन्ही बाजूंना वापरता येतं.

तो: ‘या, आबर डास इस्ट नूर आइन टाक इम यार. आन आइनम टाक कोमन डी लॉयटं आउस नॉयगीर.’ हो, पण तो वर्षातला एकच दिवस. एका दिवशी लोक कुतूहलाने येतात.

ती: ‘श्टिम्ट, आइन टाक इस्ट त्सू वेनिश. डान क्योन्टं मान मिट डेम झोन्टाक आनफांगन.’ बरोबर, एक दिवस कमीच. मग रविवारपासून सुरुवात करता येईल.

तो: ‘डामिट वेरं इश आइनफरश्टांडन.’ त्याला माझी हरकत नाही.

इथे ‘आइनफरश्टांडन’ नेमका आपल्या जागी बसला. ती मत देत नव्हती, प्रस्ताव मांडत होती.

तो पुढे: ‘वीर झिन्ट उन्स आल्झो आइनिश, डास मान क्लाइन आनफांगन झोल्टं. नूर बाय डेन गेशेफ्टन ब्लाइबं इश स्केप्टिश.’ म्हणजे लहान प्रमाणात सुरुवात करावी यावर आपलं एकमत आहे. फक्त दुकानांबाबत माझी शंका कायम आहे.

शेवट असाच करा. एकमत झालंच पाहिजे असा नियम नाही. ओढून-ताणून ‘तर आम्ही दोघं सहमत आहोत’ म्हटलं, आणि आधीची चार मिनिटं भांडण झालेलं असलं, तर ते खोटं वाटतं. कुठे जुळलं आणि कुठे नाही, हे दोन वाक्यांत सांगितलं की पुरे. नाहीच जुळलं तर: ‘इन डीझम पुंक्ट झिन्ट वीर फरशीडनर माइनुंग’, या मुद्द्यावर आपली मतं वेगळी आहेत.

जोडीदार साथ देत नसेल तर

तो थांबतच नसेल तर तो श्वास घेतो ती जागा पकडा आणि म्हणा, ‘डार्फ इश डा कुर्त्स आइनहाकन?’, मी इथे जरा मध्ये बोलू का? उत्तराची वाट न पाहता लगेच पुढे बोला, जर्मन माणूसही तेच करतो. फक्त त्याचाच शेवटचा मुद्दा उचला, आपला नवा विषय काढू नका.

तो गप्पच असेल तर ‘तुला काय वाटतं?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारून उपयोग नाही, त्याला आणखी धडकी भरते. त्याच्यासमोर दोन पर्याय ठेवा: बस महत्त्वाच्या की सायकलचे रस्ते? घाबरलेल्या माणसाला निवड करणं सोपं जातं, विचार मांडणं अवघड. आणि त्याच्या वाटचं तुम्ही बोलत बसू नका. ते उदारपणाचं वाटतं, पण चर्चा एकट्याची होते आणि तुमचाही तोटा होतो.

तो काय म्हणाला ते कळलंच नाही तर हसून ‘या, या’ म्हणणं सगळ्यात महागात पडतं, कारण पुढचं वाक्य हमखास भलतीकडे जातं. विचारा: ‘मायन्स्ट डू, डास...?’, म्हणजे तुझं म्हणणं असं आहे का की...? आणि जेवढं कळलं तेवढं आपल्या शब्दांत सांगा. चुकलात तर तो दुरुस्त करेल, आणि तुम्हाला नवीन मुद्दाही फुकटात मिळेल.

गटात तिघं-चौघं असतील तर नाव घेऊन मुद्दा उचला: ‘वी नेहा शोन गेझाक्ट हाट’, नेहाने आत्ता म्हटलं तसं. हा ‘शोन’ मात्र खरोखरच ‘आधीच’वाला आहे.

सराव

फोनवर पाच मिनिटांची चर्चा रेकॉर्ड करा आणि कागद घेऊन ऐका. चुका शोधू नका, फक्त तुमच्या प्रत्येक बोलण्याचे पहिले तीन-चार शब्द लिहून काढा. यादीत ‘उन्ट इश फिन्डं’, ‘आउख’, ‘इश फिन्डं’ असं ओळीने आलं असेल, तर तुम्ही समोरच्याकडे लक्ष न देता बोललात. ‘डा’, ‘श्टिम्ट’, ‘डास झेअं इश’, ‘डास श्टिम्ट शोन’ असे निरनिराळे दिसले, तर जोडीदाराचं बोलणं खरोखर आत गेलं होतं.

त्या दोघांकडूनही मी हेच करून घेतलं. मुलाच्या यादीत एकच ओळ होती, कारण तो एकदाच बोलला होता. मुलीच्या यादीत अकरा वेळा ‘गेनाउ’. दुसऱ्या दिवशी मी तिला ‘गेनाउ’ बंद केलं आणि त्याला एका वेळी दोनच वाक्यं बोलायची असं बजावलं. पहिली दोन मिनिटं भयाण शांतता होती. मग ती म्हणाली, ‘डास झेअं इश आन्डर्स’, आणि तो इतका दचकला की कागदातलं भाषण विसरून त्याला उत्तर द्यावं लागलं.